रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र पुढे

हृदयविकाराचा पहिला झटका आपल्याकडे कमी वयात येतो, हे एव्हाना सगळ्यांच्या कानावर गेलेलं आहे. किती कमी वयात, याचा एक भक्कम आकडा त्या वेळी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असलेल्या डॉ. प्रशांत जोशी यांच्या नावावर आहे. कॅनडातले डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत ‘इंटरहार्ट’ नावाचा अभ्यास झाला. पहिला झटका आलेले रुग्ण आणि त्याच वयाची, झटका न आलेली माणसं अशी तुलना त्यात केलेली होती. त्यातल्या भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका या देशांतल्या माहितीचा वेगळा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक डॉ. जोशी. या पाच देशांत पहिल्या झटक्याचं सरासरी वय ५३ निघालं आणि उरलेल्या देशांत ५८.८. तुलना फक्त पश्चिम युरोपशी केली की अंतर दहा वर्षांच्या आसपास जातं. चाळिशीच्या आत झटका आलेल्यांचं प्रमाण आपल्याकडे ८.९ टक्के होतं, बाकी जगात ४.४.

या निबंधातली खरी बातमी मात्र वयाची नव्हती. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, रक्तातली चरबी वगैरे कारणांचा हिशेब मांडल्यावर वयातला हा फरक जवळजवळ पुसला गेला. म्हणजे आपल्या हृदयाला काही वेगळा शाप नाही. कारणं जगभर तीच आहेत, आपल्याकडे ती तरुणपणीच अंगात मुरलेली असतात. त्यातही सर्वांत मोठा वाटा रक्तातल्या चरबीच्या कणांचा निघाला. गंमत अशी, की तालुक्याच्या लॅबमधून येणारा चरबीचा रिपोर्ट बहुतेकांना दिलासाच देऊन जातो.

असाच एक रिपोर्ट समोर घेऊ. माणूस कल्पित आहे, पण शेवगावच्या कुठल्याही लॅबमध्ये असा कागद रोज छापून निघत असेल. वय ४४, पैठण रोडला बी-बियाणं आणि खतांचं दुकान. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. हात-पाय सडपातळ. दारू नाही, सिगारेट नाही, चिमूटभर तंबाखू दिवसातून चार-पाच वेळा. एकूण कोलेस्टेरॉल १८४, ‘वाईट’ म्हणून ओळखलं जाणारं एलडीएल ९८, ‘चांगलं’ एचडीएल ३१, ट्रायग्लिसराइड २७५. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत, एलडीएल १०० च्या आत, म्हणून दोन्ही रकान्यांपुढे ‘नॉर्मल’. उरलेल्या दोन आकड्यांपुढे तारे छापलेले. कागद पाहून कोणीतरी म्हणतं, “कोलेस्टेरॉल चांगलं आहे, फक्त तेलकट जरा कमी करा.” आणि कागद फाइलला लागतो.

आता याच कागदावर एक साधी वजाबाकी करू. एकूण कोलेस्टेरॉलमधून चांगलं वजा करायचं : १८४ वजा ३१, उरले १५३. याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून बसू शकणारे जेवढे म्हणून कण आहेत, त्या सगळ्यांमधलं कोलेस्टेरॉल या एका आकड्यात येतं. ते सर्वसाधारणपणे १३० च्या आत असावं. आपल्या दुकानदाराचं १५३ आहे. पण बऱ्याच रिपोर्टांवर हा रकानाच नसतो आणि असला तरी त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

मग ९८ हे एलडीएल खोटं होतं का? खोटं नव्हतं, पण बहुतेक लॅबमध्ये ते मोजलेलं नसतं, गणिताने काढलेलं असतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. इथे २७५ चा पाचवा भाग ५५, म्हणून १५३ वजा ५५ बरोबर ९८. म्हणजे ट्रायग्लिसराइड जितकं जास्त, तितकं एलडीएल कागदावर कमी दिसणार. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं की हे सूत्र वापरूच नये असा नियम आहे, पण २५०-३०० लाही ते डळमळायला लागतं. शिवाय वजा केलेले ते ५५ काही निरुपद्रवी नसतात. ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांमधलंच ते कोलेस्टेरॉल असतं आणि त्या कणांचे अर्धवट रिकामे झालेले अवशेषही भिंतीत अडकतात.

हा आकड्यांचा साचा, म्हणजे एलडीएल बेताचं, एचडीएल खाली, ट्रायग्लिसराइड वर, आपल्याकडे अपवाद नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या घरोघर जाऊन केलेल्या पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगडही होते. मुंबईचे डॉ. शशांक जोशी पहिले लेखक असलेला त्यातला चरबीविषयीचा निबंध २०१४ साली आला. तपासलेल्यांपैकी ७२.३ टक्के लोकांचं एचडीएल कमी होतं, २९.५ टक्क्यांचं ट्रायग्लिसराइड जास्त होतं आणि एलडीएल जास्त असलेले फक्त ११.८ टक्के होते. ज्या एका आकड्याकडे आपण डोळे लावून बसतो, तोच सगळ्यात कमी लोकांत बिघडलेला.

हा साचा तयार कुठे होतो, तर पोटात. माणसाने खर्चापेक्षा जास्त खाल्लं की उरलेली ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते. ती साठवण्याची योग्य जागा म्हणजे कातडीखालचा थर, विशेषतः मांड्या आणि नितंब. तिथली चरबी दिसायला नकोशी वाटली तरी ती निमूट पडून राहते. आपल्या लोकांत ही कातडीखालची कोठी मुळातच लहान असते, असं मानायला बरीच कारणं आहेत. जास्तीची चरबी आली की तिथे नव्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत, असलेल्याच पेशी फुगतात आणि फुगलेल्या पेशींतून चरबी गळायला लागते. बळद काठोकाठ भरलं की शेतकरी उरलेलं धान्य ओटीवर, माजघरात, जिन्याखाली मिळेल तिथे ओततो, तसं शरीर ती चरबी आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंत टाकतं. गोऱ्या माणसाचं बळद मोठं, त्यामुळे त्याच्यावर ही वेळ वीस किलो वाढल्यावर येते. आपल्यावर सहा-सात किलोंतच येऊ शकते.

आतड्यांभोवतीच्या चरबीचा त्रास असा, की तिथलं रक्त थेट यकृताकडे जातं. तिथून सुटलेली स्निग्धाम्लं यकृतात उतरतात. यकृत ती ट्रायग्लिसराइड बनवून मोठ्या कणांत भरतं आणि रक्तात सोडतं. कागदावरचे २७५ इथून आले. पुढचा भाग मला स्वतःला सर्वांत रंजक वाटतो, कारण एचडीएल का घसरतं हे त्यात कळतं. रक्तात एक प्रथिन असतं, ते या कणांमध्ये देवाणघेवाण घडवून आणतं. ट्रायग्लिसराइडने भरलेला कण आपलं ट्रायग्लिसराइड एचडीएलला देतो आणि त्याच्याकडचं कोलेस्टेरॉल घेतो. अशा ट्रायग्लिसराइड भरलेल्या एचडीएलमधली चरबी यकृतातलं विकर तोडून घेतं आणि कण रोडावतो. रोडावलेला कण मूत्रपिंडातून लवकर निकालात निघतो. म्हणून एचडीएल ३१. हीच देवाणघेवाण एलडीएलशीही होते. तेही रोडावून लहान, घट्ट होतं, पण ते लवकर निकालात निघत नाही, उलट जास्त वेळ रक्तात रेंगाळतं. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी भरलेलं, म्हणून कागदावरचा आकडा बेताचा. कणांची संख्या मात्र भरपूर, आणि भिंतीवर धडका मारायच्या त्या कणांनी. ही संख्या थेट मोजायची असेल तर ॲपोबी नावाची तपासणी असते, कारण अशा प्रत्येक कणावर त्या प्रथिनाचा एकच रेणू असतो. ‘इंटरहार्ट’मध्येही हे मोजलं होतं.

म्हणजे पुढे आलेलं पोट, वाढलेलं ट्रायग्लिसराइड आणि घसरलेलं एचडीएल या तीन वेगवेगळ्या तक्रारी नाहीत. एकाच घटनेच्या तीन खुणा आहेत.

ही गोष्ट उलगडण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला एकत्र फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखं : २२.३. शरीरातली चरबी यंत्राने मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच उत्तर देत होता. त्या एका पानाने जे काम केलं ते डझनभर निबंधांनी केलं नसतं, असं मला वाटतं.

याज्ञिकांनी त्याआधीच प्रश्न मागे नेला होता : ही शरीराची घडण कधी ठरते? १९९३ पासून त्यांच्या गटाने पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांची नोंद ठेवली. या आयांचं गरोदर राहण्यापूर्वीचं वजन सरासरी जेमतेम ४२ किलो होतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची झाली आणि तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं ३.५ किलोंची. आठशे ग्रॅमचा हा फरक अंगभर सारखा वाटलेला असेल अशी कोणाचीही अपेक्षा असते. पण चिमट्यासारख्या साधनाने पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली कातडीची घडी मोजली तेव्हा तिथे पुण्याची बाळं फारशी मागे नव्हती. तूट होती ती दंडात आणि पोटाच्या घेरात, म्हणजे स्नायूंत आणि यकृतासारख्या अवयवांत. बाळ रोड होतं, पण चरबी राखून रोड झालेलं होतं. पुढे नाळेच्या रक्तातही इन्शुलिन आणि चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक वजनाच्या मानाने जास्त आढळलं.

म्हणजे आईला अन्न तोकडं पडतं तेव्हा गर्भ मेंदू आणि चरबी राखतो आणि स्नायूंवर काटकसर करतो. तुटपुंज्या जगात जन्मणार असं धरून केलेली ही तयारी असावी, असा एक तर्क आहे. स्नायू हेच साखर खपवण्याचं मुख्य ठिकाण, आणि तेच कमी पडले तर तेवढ्याच साखरेसाठी जास्त इन्शुलिन लागणार. अमेरिकेत येल विद्यापीठात २००६ साली सडपातळ, तरुण, निरोगी पुरुषांची तपासणी झाली. त्यात भारतीय वंशाच्या मुलांत इन्शुलिन कमी लागू पडण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तीन-चार पट निघालं आणि यकृतात चरबी दुप्पट. ही मुलं लठ्ठ नव्हती.

आपल्या दुकानदाराकडे परत वळू. त्याची आई बहात्तरच्या दुष्काळात बारा-तेरा वर्षांची असेल. नगर जिल्ह्यातल्या कित्येक घरांत त्या वर्षी रोजगाराच्या कामावर खडी फुटली, सुकडी आणि लाल मिलोवर पोट भरलं. पुढे तिचं लग्न झालं, ४०-४२ किलो वजनावर तिने मुलगा जन्माला घातला. मुलगा पंचविशीपर्यंत ५४ किलोंचा होता, कापूस वेचायला, बैलांमागे चालायला जात होता. मग जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी, ऊस, कारखाना, पैसा हे सगळं भोवती आलं आणि तो दुकानात बसला. गाडीवर जाणं-येणं, गिऱ्हाइकासोबत दिवसातून सात-आठ साखरेचे चहा, बाजरीच्या जागी गव्हाची पोळी आणि भाताचा ढीग, दुपारी भजी. पंचविशीपासून चव्वेचाळिशीपर्यंत १४ किलो वाढले. त्याच्याच मापाच्या गोऱ्या माणसाला इंग्लंडात कोणी जास्त वजनाचा म्हणणार नाही, कारण इंडेक्स २४.१ येतो आणि त्यांच्यासाठीची रेघ २५ वर आहे. आपल्यासाठी ती रेघ २३ वर आणलेली आहे. पण त्यात वाढलेले १४ किलो जवळजवळ सगळी चरबीच होती, आणि बळद लहान होतं.

तेलाला दोष देण्याची आपल्याकडे सवय आहे. या साच्यात तेलापेक्षा साखर, मैदा, भात आणि बसून राहणं यांचा हात मोठा असतो, कारण गरजेपेक्षा जास्त आलेल्या पिष्टापासून यकृत स्वतःच चरबी बनवतं. “मी तेल एकदम बंद केलं” म्हणणाऱ्या माणसाचं ट्रायग्लिसराइड म्हणूनच कित्येकदा हलत नाही. त्याने पोळ्या वाढवलेल्या असतात.

घेर मोजण्याविषयी थोडं सांगितलं पाहिजे, कारण तो जवळजवळ सगळेच चुकीचा मोजतात. पँटचा नंबर हा घेर नव्हे. पोट सुटलं की पँट पोटाखाली सरकते आणि ३४ नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. टेप लावायची ती शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, कपड्यावरून नाही, उघड्या अंगावर. टेप जमिनीशी समांतर, आवळायची नाही. श्वास सहज सोडल्यावर वाचायचं, पोट आत ओढायचं नाही. आपल्या लोकांसाठी पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. अमेरिकेत जुन्या निकषांप्रमाणे ती १०२ आणि ८८ होती. आपल्या दुकानदाराचा घेर ९६ भरला. अमेरिकेच्या मापाने तो सुटला असता.

रक्ताच्या तपासणीतही खाचा आहेत. आदल्या रात्रीचं लग्नाचं जेवण किंवा दारू यांनी ट्रायग्लिसराइड एका रात्रीत उसळू शकतं, म्हणून जास्त आलं तर उपाशीपोटी पुन्हा बघावं. नॉन-एचडीएल मात्र जेवणाने फारसं हलत नाही. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वेगळाच, तिथे थांबून चालत नाही. आणि लायपोप्रोटीन-ए नावाची एक तपासणी आयुष्यात एकदा करून ठेवावी अशी आहे, विशेषतः घरात कोणाला पन्नाशीच्या आत झटका आलेला असेल तर. तो कण वारशाने येतो. खाण्यापिण्याने त्याची पातळी बदलत नाही, पण असलेल्या धोक्यात तो भर घालतो.

एवढं कळल्यावर वाटतं, एचडीएल वाढवणारी गोळी द्या, प्रश्न मिटला. औषध कंपन्यांनाही तसंच वाटलं होतं. देवाणघेवाण घडवणारं ते प्रथिन अडवणारं टॉर्सेट्रापिब हे औषध २००६ साली मध्येच सोडून द्यावं लागलं, कारण एचडीएल भरपूर वाढूनही घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. नायसिननेही एचडीएल वाढलं, झटके कमी झाले नाहीत. ट्रायग्लिसराइड उतरवणाऱ्या पेमाफायब्रेटच्या २०२२ सालच्या मोठ्या चाचणीतही आकडा खाली आला, झटके तेवढेच राहिले. हे समजायला आता अवघड जाऊ नये. खूण पुसली, घटना तशीच राहिली. एचडीएल कमी असणं हे गुन्ह्याच्या जागी सापडलेलं चिन्ह आहे, भिंतीत शिरणारे कण वेगळेच.

म्हणून उपचार त्या कणांवर करतात. डॉक्टर वय, तंबाखू, साखर, रक्तदाब, घराण्याचा इतिहास हे सगळं धरून धोका मोजतात आणि गरज असेल तर स्टॅटिन देतात. एलडीएल ९८ असताना गोळी कशाला, असं दुकानदाराला वाटेल, पण गोळी त्या ९८ साठी नसते, १५३ साठी असते. दुसरं काम त्याचं स्वतःचं. वजन पाच ते दहा टक्के, म्हणजे इथे साडेतीन ते सात किलो उतरलं, तर ट्रायग्लिसराइड साधारण २० टक्क्यांनी उतरतं. आतड्यांभोवतीची आणि यकृतातली चरबी सगळ्यांत आधी जाते, त्यामुळे काट्यावर फरक थोडा दिसला तरी टेपवर चांगला दिसतो. तंबाखू सोडणं यात मोजलेलं नाही. चघळायच्या तंबाखूनेही झटक्याचा धोका वाढतो, हे ‘इंटरहार्ट’मध्येच दिसलं.

लवकर येणाऱ्या झटक्याची आणखी एक अडचण कागदावर कुठेच नसते. कमी वयातले बरेच झटके नळी भरत भरत बंद होऊन येत नाहीत. भिंतीतला जेमतेम अर्धी वाट अडवणारा चरबीचा साठा फुटतो आणि त्यावर काही मिनिटांत रक्ताची गुठळी धरते. त्यामुळे आदल्या महिन्यात काढलेला ईसीजी आणि पट्ट्यावर चालवून केलेली तपासणी, दोन्ही चांगले असू शकतात. ते त्या वेळच्या रक्तपुरवठ्याविषयी सांगतात, भिंतीत काय दडलंय ते त्यांना दिसत नाही. आणि चव्वेचाळीस वर्षांच्या, ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल’ असलेल्या माणसाच्या छातीत दुपारच्या भज्यांनंतर दाटून आलं, तर घरातलं पहिलं निदान पित्त किंवा गॅस हेच असतं. सोडा, इनो, लिंबू यात तास-दोन तास जातात. दाटणं छातीच्या मधोमध असेल, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, सोबत घाम सुटला असेल, तर वय न विचारता ईसीजी काढावा, आणि दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांत तो निघाला पाहिजे. पहिला ईसीजी साफ आला आणि दुखणं चालू असेल तर थोड्या वेळाने दुसरा काढतात. शेवगावपासून नगर साठ-पासष्ट किलोमीटर आहे. अँजिओप्लास्टीच्या टेबलापर्यंत दोन तासांत पोचणार नाही असं दिसलं, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जिथे मिळेल तिथेच आधी द्यायचं आणि मग गाडी पुढे काढायची, असा हृदयरोगतज्ज्ञांचा नियम आहे. ते इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत जास्त स्नायू वाचवतं आणि बारा तासांनंतर सहसा देत नाहीत.